‘ऐच्छिक’ हा शब्द खोडा

आमच्या भागातल्या छोट्या यंत्रमाग कारखानदारांनी कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना काढायचं मनावर घेतलं आहे. आठ माग, बारा माग असलेली शेडं, कुणाकडे पाच कामगार, कुणाकडे सात. चादर आणि टॉवेलवर चालणारे हे लोक. मसुदा त्यांनी माझ्याकडे पाठवला, कारण पंचवीस वर्षं मी सोलापुरात विमा विकतो आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या शेडचा आगीचा विमा माझ्याकडेच आहे. मसुद्याचं पहिलंच वाक्य असं आहे: ‘सदर योजना पूर्णपणे ऐच्छिक राहील.’ हे वाक्य सगळ्यांना आवडलं. कुणावर जबरदस्ती नाही, ज्याला परवडेल तो येईल, नको त्याने येऊ नये. ऐकायला लोकशाहीसारखं वाटतं. माझं म्हणणं असं आहे की योजना बुडणार असेल तर ती याच वाक्याने बुडेल.

का ते सांगायला आधी स्वतःचीच गोष्ट सांगतो. लोकांना आरोग्य विमा विकायला लागून मला बारा वर्षं झाली होती, तरी माझी स्वतःची पॉलिसी नव्हती. दुकानदार आपल्या दुकानातलं तेल कधी विकत घेत नाही, तसं. मग एकदा पाय फार दुखतात म्हणून रक्त तपासलं, शुगर निघाली आणि त्याच आठवड्यात मी फॉर्म भरायला बसलो. फॉर्मवर शुगर लिहिली, हे खरं. पण विमा कंपनीच्या नजरेने पाहिलं तर मी नेमका नको असलेला गिऱ्हाईक होतो. धडधाकट होतो तेव्हा तिला माझा हप्ता मिळाला नाही. तिच्या दारात गेलो तो खर्च दिसायला लागल्यावर.

अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड म्हणतात. विकणाऱ्याला जे दिसत नाही ते विकत घेणाऱ्याला ठाऊक असतं आणि त्या ठाऊक असण्यावरच तो ठरवतो की घ्यायचं की नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून हे मांडलं. गाडी खटारा आहे हे विकणाऱ्यालाच माहीत असतं, त्यामुळे घेणारा चांगल्या गाडीलाही खटाऱ्याचा भाव देतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला आरोग्य विमा मिळणं इतकं अवघड का, हेही त्याने त्याच निबंधात याच तर्काने सांगितलं होतं. २००१ साली त्याला नोबेल मिळालं. विम्यात गंमत एवढीच की तिथे गोष्ट लपवणारा विकणारा नसतो, घेणारा असतो.

आता हे आमच्या मसुद्याला लावून पाहू. आकडे माझे, फक्त समजावण्यापुरते. समजा योजनेला पात्र अशी एक हजार कुटुंबं आहेत. त्यांतली सहाशे तरणी आणि धडधाकट. त्यांचा दवाखान्याचा वर्षाचा सरासरी खर्च तीन हजार. तीनशे मधली, चाळिशी उलटलेली, कुणाला बीपी, कुणाला मणक्याचा त्रास. त्यांचा दहा हजार. आणि शंभर कुटुंबांत डायलिसिस, हृदयविकार, तंबाखूने बिघडलेलं तोंड असं काहीतरी. त्यांचा चाळीस हजार. एकूण खर्च झाला अठ्ठ्याऐंशी लाख. हजारांत वाटला तर कुटुंबामागे आठ हजार आठशे. विमा कंपनीचा खर्च आणि नफा बाजूला ठेवू, शून्य धरू. हप्ता आठ हजार आठशे.

हा हप्ता ऐकून तरणा विणकर काय करेल? तो काही बेफिकीर नाही. उद्या अपघात झाला, अपेंडिक्स निघालं तर काय, ही भीती त्यालाही आहे. म्हणून तीन हजारांच्या खर्चासाठी तो पाच हजारांपर्यंत हप्ता द्यायला तयार आहे. वरचे दोन हजार म्हणजे निवांत झोपेची किंमत. पण आठ हजार आठशे? तो म्हणेल, पुढच्या वर्षी बघू. सहाशे कुटुंबं गेली. राहिली चारशे, त्यांचा खर्च सत्तर लाख. पुढच्या वर्षीचा हप्ता सतरा हजार पाचशे. मधली तीनशे कुटुंबं चौदा हजारांपर्यंत द्यायला तयार होती. सतरा हजार ऐकून तीही उठली. तिसऱ्या वर्षी शंभर कुटुंबं उरली आणि हप्ता चाळीस हजार. ज्याच्या घरात डायलिसिस चालू आहे त्याला वर्षाला चाळीस हजार भरा म्हणणं म्हणजे विमा नव्हे, दवाखान्याचं बिलच महिन्याआधी पाठवणं झालं.

यात कुणीही लबाडी केलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. कुणी आजार लपवला नाही, कुणी खोटं बिल लावलं नाही. प्रत्येकाने आपल्या खिशाला आणि आपल्या तब्येतीला धरून शहाणपणाचाच निर्णय घेतला आणि तरी नऊशे कुटुंबं अशा विम्याशिवाय राहिली जो त्यांना हवा होता आणि ज्यासाठी ती आपल्या खर्चापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होती. बैठकीत हे सांगितलं तर लोक विचारतात, मग चूक कुणाची? चूक त्या एका शब्दाची.

विमा कंपन्या याला तोंड कशा देतात ते त्यांच्या पॉलिसीतच लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया अशा थांबू शकणाऱ्या ऑपरेशनांना बहुधा दोन वर्षं थांबायचं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. ही मर्यादा आधी चार होती, २०२४ मध्ये विमा नियामकाने ती कमी केली. बाळंतपणाला तर बहुतेक पॉलिसींत चांगलीच लांब वाट पाहावी लागते, कारण लग्न ठरल्यावर पॉलिसी घेणारे हुशार लोक कंपन्यांनाही माहीत आहेत. ही सगळी प्रतीक्षा म्हणजे शिक्षा नव्हे, चाळणी आहे. आजार आल्यावर दारात येणाऱ्याला ती थांबवते. मला माझ्या शुगरसाठी थांबवलं आणि माझी त्यावर तक्रार नाही.

पण चाळणी असली की तिला चुकवायच्या वाटाही निघतात. फॉर्मवर रकाने असतात: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, तंबाखू. समोर बसलेल्याच्या दाढेत मावा असतो आणि एजंट ‘नाही, नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत खाली येतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही केलंय, लपवत नाही. हप्ता कमी बसतो, कमिशन लवकर मिळतं, गिऱ्हाईक खूश. मग तीन वर्षांनी छातीत दुखतं, दवाखाना जुनी कागदपत्रं मागतो, त्यात कुठल्यातरी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘सहा वर्षांपासून बीपी’ लिहिलेलं निघतं आणि क्लेम परत येतो. आजची रीत अशी आहे की सलग पाच वर्षं हप्ते भरले की माहिती दडवली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. म्हणजे खरं लिहिणारा जास्तीत जास्त तीन वर्षं आणि तेही त्या एका आजारापुरता थांबतो. खोटं लिहिणारा पाच वर्षं सगळ्याच आजारांसाठी टांगणीला राहतो. हा हिशेब मी आता फॉर्म भरण्याआधी सांगतो. मावा खाणारा तरीही क्षणभर विचार करतो.

या सगळ्या चाळण्या एका ठिकाणी मात्र अचानक नाहीशा होतात. पुण्यात मोठ्या कंपनीत लागलेल्या आपल्या पोरांना विचारा. त्यांच्या ग्रुप पॉलिसीत बहुधा तपासणी नाही, फॉर्म नाही आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरलेला. तीच विमा कंपनी एवढी उदार कशी झाली? कारण ती पोरं तिथे नोकरीसाठी गेली आहेत, विम्यासाठी नाहीत. आजारी आणि धडधाकट आपोआप मिसळलेले आहेत आणि कुणालाच बाहेर पडायची मुभा नाही. म्हणूनच केवळ विमा मिळवण्यासाठी जमवलेला गट विमा नियामकाला चालत नाही. आणि त्याच ग्रुप पॉलिसीत ‘आईवडिलांना घ्यायचं असेल तर जादा पैसे भरा’ असा ऐच्छिक कोपरा असतो, तिथे काय होतं पाहा. ज्याच्या वडिलांचा गुडघा बदलायचा आहे तो भरतो, ज्याचे वडील रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाला फेरी मारतात तो भरत नाही. दोन-तीन वर्षांत त्या कोपऱ्याचा हप्ता भडकतो. एकाच कंपनीत, एकाच छपराखाली, सक्तीचा भाग नीट चालतो आणि ऐच्छिक भाग आजारी पडतो. याहून स्वच्छ पुरावा मला तरी माहीत नाही.

सोलापूरला हे नवीनही नाही. विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आला तो विड्यांवरच्या उपकरातून. विड्या हजाराने मोजल्या जायच्या आणि त्यावर उपकर बसायचा. विडी वळणाऱ्या बाईला खोकला आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. तिच्या दवाखान्याचा पैसा तिच्या तब्येतीपासून तोडून मालाला जोडला होता. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर गेला. निधी कसा खर्च झाला यावर भांडता येईल, पण तो गोळा करायची रीत मला आजही शहाणपणाची वाटते.

आता मसुद्यातला दुसरा मुद्दा. सूताचा मोठा व्यापार असलेले आमचे एक शेठजी म्हणतात, “फुकट मिळालं की लोक उठसूट ॲडमिट होतील, म्हणून प्रत्येक बिलाचा तीस टक्के भाग कामगाराने भरावा.” शेठजींना ज्याची भीती आहे त्याला अर्थशास्त्रात नैतिक जोखीम म्हणतात. शब्द आगीच्या विम्याच्या धंद्यातला, एकोणिसाव्या शतकातला. गोदामातल्या मालापेक्षा विमा मोठा असला की गोदामाला आग लागायची शक्यता वाढते, हे विमावाल्यांनी फार आधी ओळखलं होतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये हा शब्द वैद्यकीय खर्चाच्या चर्चेत आणला आणि १९६८ मध्ये मार्क पॉली यांनी सांगितलं की यात नीतीचा संबंधच नाही. वस्तू स्वस्त झाली की माणूस जास्त वापरतो, एवढंच.

या दोन गोष्टींची गल्लत आमच्या प्रत्येक बैठकीत होते. प्रतिकूल निवड पॉलिसी घेण्याआधी घडते: कोण आत येतो, कोण बाहेर राहतो. नैतिक जोखीम पॉलिसी घेतल्यानंतर घडते: आत आलेला कसा वागतो. पहिलीत दडलेली असते माहिती, दुसरीत दडलेली असते कृती. म्हणून एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. तीस टक्क्यांची अट घातल्याने तरणा विणकर योजनेत येणार नाही; उलट विमा अर्धवट झाला म्हणून आणखी लांब पळेल. आणि सगळ्यांना सक्तीने आत घेतल्याने वायफळ बिलं थांबणार नाहीत. दोन रोग आहेत, दोन औषधं लागतील.

शेठजींची भीती खोटी नाही, पण बोट चुकीच्या माणसाकडे आहे. एक नेहमीचं दृश्य सांगतो, शहर आणि दवाखाना कुठलाही धरा. पाऊस सरत आला की तापाची साथ येते. तीन दिवसांच्या तापाने गळालेल्या पोराला घेऊन बाप काउंटरवर उभा राहतो. आतून पहिला प्रश्न ‘ताप किती?’ असा येत नाही. “मेडिक्लेम आहे का?” असा येतो. आहे म्हटल्यावर चेहरा बदलतो. प्लेटलेट थोड्या कमी आहेत, रिस्क नको, ॲडमिट करू. तीन दिवसांत सलाईन, रोज रक्ततपासणी, सोनोग्राफी, एखादा एक्सरे. त्याच रांगेतला, पॉलिसी नसलेला पोरगा गोळ्या आणि भरपूर पाणी यांवर घरी पाठवलेला असतो आणि तोही पाचव्या दिवशी तसाच बरा होतो. बहुतेक पॉलिसी चोवीस तास ॲडमिट असल्याशिवाय पैसे देत नाहीत, बाह्यरुग्ण तपासणीला नकार असतो. म्हणजे नियमच सांगतो की दोन हजारांचा खर्च खिशातून कर, नाहीतर तो तीस हजारांचा करून आण, मग देतो. बाप आणि डॉक्टर दोघंही नियमाप्रमाणेच वागतात.

पोराला सुई टोचून घ्यायची हौस नसते. आपल्याला कुठल्या तपासण्या हव्यात हे बापाला ठरवता येत नाही. ते ठरवतो दवाखाना आणि बिल कोण भरणार हे त्याला माहीत असतं. याचं सगळ्यांत भीषण रूप २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमध्ये समोर आलं. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचं संरक्षण होतं आणि त्या कार्डावर काही खासगी दवाखान्यांनी गरज नसताना बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या तक्रारी आल्या. छत्तीसगडमध्ये डॉक्टरांवर कारवाईही झाली. फुकट आहे म्हणून कुठली बाई हौसेने गर्भपिशवी काढून घेते? तीस टक्क्यांची अट असती तर फार तर तिने तेवढ्यासाठी कर्ज काढलं असतं, कारण डॉक्टरने कॅन्सर होईल म्हणून घाबरवलं की माणूस कर्ज काढतोच.

रुग्णाला बिलाचा भाग भरायला लावला तर नेमकं काय होतं, हे अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलं गेलं आहे. रँड या संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात सहा ठिकाणच्या कुटुंबांना सोडत काढून वेगवेगळ्या विमा योजनांत टाकलं. कुणाला सगळं मोफत, कुणाला एका मर्यादेपर्यंत बिलाचा ९५ टक्के भाग स्वतः भरायचा. ९५ टक्केवाल्यांचा खर्च मोफत गटापेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे शेठजी बरोबर. पण भाग भरावा लागला तेव्हा लोकांनी गरजेचे उपचार आणि बिनगरजेचे उपचार जवळजवळ सारखेच कापले. सामान्य माणसाला कुठला उपचार सोडून चालेल ते कळत नाही. तो फक्त पैसे पाहतो. बहुतेकांच्या तब्येतीवर फरक पडला नाही, पण गरीब आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना मोफत उपचारांचा फायदा स्पष्ट दिसला.

ही शेवटची ओळ आमच्या शेडमध्ये आणून ठेवा. तीस टक्के भरावे लागणार म्हटल्यावर वायंडिंगवर बसणारी बाई पहिल्यांदा काय सोडेल? बीपीची गोळी. कारण ती सोडल्याने आज काहीच दुखत नाही. दुखतं ते चार वर्षांनी, अर्धांगाचा झटका आल्यावर आणि तेव्हाचं बिल योजनाच भरते. म्हणून माझं म्हणणं उलटं आहे: बीपी, शुगरच्या गोळ्या आणि साधी तपासणी पूर्ण मोफत ठेवा, तिथे एक रुपयाचीही अट नको. वेगळी खोली, महागडी लेन्स अशा जिथे रुग्ण खरोखर निवड करतो, तिथे वरचा सगळा खर्च त्याच्यावर टाका. आणि दवाखान्याला बिलावर नव्हे, आजारावर ठरलेली रक्कम द्या; सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तेच होतं. ठरलेल्या रकमेचाही उलटा रोग आहे, तो लपवत नाही: मग दवाखाना किचकट रुग्ण टाळतो, लवकर घरी पाठवतो, नाहीतर ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही’ म्हणून बाहेरून आणायला चिठ्ठी देतो. त्यासाठी सुटी झाल्यावर रुग्णाच्या घरी जाऊन, खिशातून किती गेले हे विचारणारा एक माणूस नेमावा लागेल. मसुद्यात त्याचा पगार धरलेला नाही.

सक्तीविरुद्धचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो शेठजींचा नाही, आमच्याच एका तरुण कामगाराचा आहे. तो म्हणाला, “काका, मी आजारी नाही, मग दुसऱ्याच्या डायलिसिसचे पैसे माझ्या मजुरीतून का?” प्रश्न रास्त आहे. वरच्या हिशेबात सगळ्यांना सक्तीने आठ हजार आठशे लावले तर हा मुलगा त्याला जे पाच हजारांचं वाटतं त्याला तीन हजार आठशे जास्त देतो. तू उद्या पन्नाशीचा होशील हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. आज त्याच्या घरात दुधाचे पैसे थकलेले आहेत.

म्हणून सक्ती करायची तर हप्ता डोक्यामागे सारखा नको, मजुरीच्या प्रमाणात हवा आणि मालकाचा वाटा मोठा हवा. राज्य विमा, म्हणजे ईएसआय, असाच चालतो: कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. बारा हजार मजुरीवर महिन्याला कामगाराचे नव्वद रुपये, मालकाचे तीनशे नव्वद. कामगाराचे वर्षाचे एक हजार ऐंशी; एवढ्याला तो तरुणही नाही म्हणणार नाही. मालकाचा वाटा शेवटी मजुरीतूनच वळता होतो असं अर्थतज्ज्ञ म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, पण सगळाच होत नसावा, नाहीतर आमचे कारखानदार दहाव्या कामगाराला एवढे घाबरले नसते. दहा कामगार झाले की ईएसआय लागतो. सातांवर थांबलेल्या शेडांसाठीच तर ही योजना आहे.

सक्तीच्या योजनेत कामगाराला दाराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे दवाखाना त्याला रांगेत उभं करून विसरूही शकतो, हा धोका मला मान्य आहे. कापलेल्या पैशांच्या बदल्यात बंद खिडकी मिळाली तर तो विमा उरत नाही, कर होतो. म्हणून योजनेच्या समितीत निम्मे कामगार हवेत, असं मी मसुद्याच्या समासात लिहून ठेवलं आहे.

बैठक येत्या रविवारी आहे. माझ्या प्रतीत ‘ऐच्छिक’वर लाल रेघ मारून नेतोय. शेठजी विरोध करणार हे नक्की. साठी आली तरी त्यांना ना शुगर, ना बीपी आणि हे दर बैठकीत सांगायला ते विसरत नाहीत.